सिन्नरच्या उलट्या तारखा: चालू लेजर दुरुस्त करायला वेळ मागताना

सोमवार, १४ जुलै २०२५

सकाळी दोन तक्रारी आल्या. त्या एकाच दुखण्याच्या आहेत हे दुपारी कळलं.

पहिली सिन्नरहून. तिथल्या युनिटची जॉबवर्क बिलांची रोजची फाइल आज चढलीच नाही. लॉगमध्ये `date/time field value out of range: "14/07/2025"`. दुसरी तक्रार अकाउंट्सच्या काकांची. १८० दिवसांत पैसे न दिलेल्या बिलांचा जीएसटी क्रेडिट उलटवावा लागतो, त्यासाठीचा रिपोर्ट त्यांनी काढला. त्यात ७ जानेवारीची तेवीस बिलं आली, सगळी सिन्नरची. काका म्हणाले, "ही बिलं मी जन्मात पाहिलेली नाहीत. जानेवारीत असती तर मला तोंडपाठ असती."

पैकी एक बिल उघडलं. तपशिलात पार्टीच्या बिलाची तारीख मजकूर म्हणून साठवलेली असते. तिथे ०१/०७/२०२५ आणि व्हाउचरवर ७ जानेवारी. मग सर्व्हरलाच विचारलं:

```sql
SHOW datestyle;             -- ISO, MDY
SELECT '02/07/2025'::date;  -- 2025-02-07
```

३० जूनच्या रात्री, तिमाही संपवून, आपण नव्या डेटाबेस सर्व्हरवर गेलो. जुन्या सर्व्हरवर `ISO, DMY` होतं. पोस्टग्रेस बसवताना ही सेटिंग त्या मशीनच्या लोकेलवरून ठरते, आणि एजन्सीने नवं मशीन साध्या `C.UTF-8` वर उभारलं. त्यामुळे १ जुलैपासून सिन्नरच्या फाइलमधला दिवस महिना म्हणून वाचला गेला. बारा तारखेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणून चालतो. १३ ला रविवार, आज १४. चौदावा महिना नसतो, म्हणून आज पहिल्यांदा फाइल अडली.

आधी गळती बंद केली. इंपोर्टच्या युजरला सेटिंग लावली, सर्व्हिस रीस्टार्ट केली (सेटिंग फक्त नव्या सेशनला लागू होते), आणि डेव्हलपरने संध्याकाळपर्यंत कोडमध्येच `to_date(col, 'DD/MM/YYYY')` घातलं, म्हणजे यापुढे सर्व्हरच्या मर्जीवर काही नाही. आजची फाइल नीट चढली. राहिला प्रश्न मागच्या बिलांचा.

मंगळवार, १५ जुलै

आज फक्त मोजमाप.

सिन्नरच्या मूळ फाइली आर्काइव्ह फोल्डरमध्ये आहेत. त्यातला आवक क्रमांक आणि लेजरमधला आवक क्रमांक जुळवून खरी तारीख फाइलमधूनच घेतली. "दिवस-महिना उलटे करून टाक" असं सरसकट करायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. हाताने घातलेली ७ फेब्रुवारीची खरी बिलंही लेजरमध्ये आहेत, ती बिचारी विनाकारण जुलैत गेली असती.

चुकीच्या सगळ्या तारखा कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या सात तारखेवर पडल्या आहेत. ७ जुलैची बिलं बरोबरच आहेत, कारण ०७/०७ कसंही वाचलं तरी तेच. आणि ७ जूनला एकही नोंद नाही. ती ६ जुलैच्या फाइलमधून आली असती, पण त्या दिवशी रविवार आणि त्यात आषाढी एकादशी, युनिट बंद. जूनचा ३बी, म्हणजे जीएसटीचा मासिक रिटर्न, अजून भरायचा आहे, त्यामुळे पांडुरंगाने अकाउंट्सची मोठी सोय केली म्हणायची.

एकूण २१४ व्हाउचर, जॉबवर्क खर्च ₹३१,०७,६५०. तीन गठ्ठे पडतात. १, २ आणि ३ जुलैची ६८ व्हाउचर जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये गेली, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात: ₹९,८२,४००. ४ आणि ५ जुलैची ३८ व्हाउचर एप्रिल-मेमध्ये: ₹५,३६,१५०. बाकीची १०८ ऑगस्ट ते डिसेंबर, म्हणजे अजून न उजाडलेल्या महिन्यांत: ₹१५,८९,१००. मागचं वर्ष लॉक असताना नोंद शिरली कशी? इंपोर्टच्या युजरला पिरियड लॉकमधून सूट आहे. का आहे, हा वेगळा विषय, डेव्हलपरशी बोलायचा आहे.

त्रास मात्र खर्चाच्या आकड्यापेक्षा देय तारखेत जास्त आहे. देय तारीख नोंदीपासून ४५ दिवस अशी निघते. १ जुलैचं बिल १५ ऑगस्टला देय असायला हवं. सिस्टिम म्हणते ते २१ फेब्रुवारीपासून थकलंय. शुक्रवारच्या पेमेंट प्रस्तावात ते सगळ्यात वर येणार. उलट १२ जुलैचं बिल २६ ऑगस्टला द्यायचं, ते सिस्टिमच्या मते पुढच्या २१ जानेवारीला देय. लवकर गेलेले पैसे निदान आपल्याच पार्टीकडे असतात. उशिरा गेलेल्यांचं काय? यातले बरेचसे जॉबवर्कवाले अंबड-सातपूरचे छोटे उद्योग आहेत, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या पुढे ताटकळत ठेवलं तर एमएसएमईडी कायद्याने बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

आणखी एक गोष्ट काकांनी दबक्या आवाजात सांगितली. मागच्या वर्षाचा ट्रायल बॅलन्स ऑडिटर सरांना ४ जुलैला दिलाय. ती ६८ व्हाउचर ३ तारखेच्या रात्रीपर्यंत चढलेली होती.

बुधवार, १६ जुलै, दुपार

कालच्या बॅकअपवरून चाचणी सर्व्हर उभा केला आणि दुरुस्तीची रंगीत तालीम केली.

पहिल्याच फटक्याला पिरियड लॉकच्या ट्रिगरने हाकललं. जानेवारी ते मार्चच्या ओळींना माझ्या युजरने हात लावता येत नाही. बरोबरच आहे. इथे दोन पळवाटा होत्या, आणि त्या का घेतल्या नाहीत ते लिहून ठेवतो, कारण पुढे कुणाला तरी त्यांचा मोह होईलच.

एक, `session_replication_role = replica`. ही एक ओळ लावली की सगळे ट्रिगर झोपतात, लॉक गेलं आणि काम भराभर होतं. पण त्यासोबत एडिट लॉगचा ट्रिगरही झोपतो. कंपनी (लेखा) नियम, २०१४ च्या नियम ३(१) प्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहायला हवी आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. ऑडिटरला त्यावर आपल्या अहवालात स्वतंत्र शेरा द्यावा लागतो, आणि स्क्रीन सोडून थेट डेटाबेसमध्ये केलेल्या बदलांबद्दल ते हटकून विचारतात. लेजरमध्ये बदल करायला बंदी नाही, बिननोंदीच्या बदलाला आहे.

दोन, इंपोर्टच्या युजरने लॉगिन करायचं, त्याला लॉकमधून सूट आहेच. पण मग एडिट लॉगमध्ये लिहिलं जाईल की हे सगळे बदल इंपोर्टने केले. ते खोटं आहे. बदल मी करणार, तर नाव माझं दिसलं पाहिजे.

राहतो सरळ रस्ता: मागच्या वर्षाचे तीन महिने वित्तप्रमुखांनी स्वतःच्या लॉगिनने उघडून द्यायचे आणि काम झाल्यावर त्यांनीच बंद करायचे. म्हणजे मॅडमकडे वेळ तर मागायचाच, सोबत हेही मागायचं.

दुसरी अडचण महिनावार शिलकीच्या टेबलची. रिपोर्ट लवकर निघावेत म्हणून खातेनिहाय, महिन्यानिहाय बेरजा वेगळ्या ठेवलेल्या आहेत. त्या नवीन नोंद आली की वाढतात, पण नोंदीची तारीख बदलली तर त्यांना पत्ता लागत नाही. म्हणून बारा महिन्यांच्या बेरजा नव्याने बांधाव्या लागतात. हे चालू असताना कुणी व्हाउचर टाकलं तर ते बेरजेत दोनदा येईल किंवा अजिबात येणार नाही. पोस्टिंग थांबवायचं खरं कारण हे. तारखा बदलणं मिनिटाभराचं काम आहे.

तालमीतले वेळ: बॅकअप ११ मिनिटं, तारखा १ मिनिट, बेरजा ६ मिनिटं, रिपोर्ट तपासणी साधारण १५.

बुधवार, १६ जुलै, संध्याकाळ

मॅडमना पाठवायच्या मेलचा पहिला मसुदा काकांना वाचायला दिला. त्यात डेटस्टाइल, लोकेल, ट्रिगर, लॉक मोड असं सगळं होतं. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे वाचून मॅडम एकच प्रश्न विचारतील, गेल्या वर्षाचा नफा किती बदलतोय. तो तू सातव्या परिच्छेदात ठेवलायस." मग पेनने सगळा वरचा भाग खोडला. त्यांचं म्हणणं असं की वेळ मागणारा माणूस आधी सांगतो काय बिघडलं, आणि ऐकणारा आधी विचारतो माझं काय अडणार. दोन्ही पहिल्या पाच ओळींत हवं.

मेलचा पक्का मसुदा असा:

> विषय: लेजरमधील तारीख दुरुस्तीसाठी ७५ मिनिटं पोस्टिंग बंद ठेवण्याची परवानगी (शनिवार सकाळ किंवा गुरुवार रात्र)
>
> आदरणीय मॅडम,
>
> सिन्नर युनिटच्या १ ते १२ जुलैच्या २१४ जॉबवर्क व्हाउचरवर चुकीची नोंद तारीख पडली आहे. रकमा, पार्टी, खाती बरोबर आहेत. फक्त तारीख आणि तिच्यावरून निघणारी देय तारीख चुकीची आहे. कारण सापडलं असून ते सोमवारी बंद केलं आहे. त्यानंतरच्या फाइली बरोबर चढत आहेत.
>
> यातली ६८ व्हाउचर २०२४-२५ मध्ये गेली आहेत. त्यामुळे मागच्या वर्षाचा जॉबवर्क खर्च ₹९,८२,४०० ने जास्त दिसतो. ऑडिटर सरांना ४ जुलैला दिलेल्या ट्रायल बॅलन्समध्ये ही रक्कम धरली गेली आहे. दुरुस्तीनंतर त्यांना नवा ट्रायल बॅलन्स द्यावा लागेल.
>
> शुक्रवारच्या पेमेंट प्रस्तावात १०६ बिलं थकीत म्हणून येतील. प्रत्यक्षात त्यातलं एकही अजून देय नाही. दुसरीकडे १०८ बिलं वेळेवर प्रस्तावात येणारच नाहीत. जूनच्या ३बीवर परिणाम नाही, जूनमध्ये एकही चुकीची नोंद पडलेली नाही.
>
> मला हवी असलेली वेळ: शनिवार १९ जुलै सकाळी ८.०० ते ९.१५. पर्याय: गुरुवार १७ जुलै रात्री ८.३० ते ९.४५. शनिवार घेतल्यास शुक्रवारच्या प्रस्तावातून सिन्नरची बिलं हाताने वगळावी लागतील.
>
> या वेळात नवीन व्हाउचर, बदल आणि इंपोर्ट बंद राहील. लेजर आणि रिपोर्ट पाहता येतील, पण काम पूर्ण होईपर्यंत त्यात जुनेच आकडे दिसतील, म्हणून कुणी काही छापू नये. गेटवरची आवक नोंद चालू राहील. तिची फाइल रांगेत थांबून नंतर चढेल.
>
> आपल्याकडून दोन गोष्टी लागतील. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च २०२५ हे महिने आपल्या लॉगिनने उघडणे व नंतर बंद करणे. आणि या वेळात १० मिनिटं फोनवर उपलब्ध असणे.
>
> प्रत्येक बदल एडिट लॉगमध्ये माझ्या नावाने, जुनी आणि नवी तारीख धरून नोंदला जाईल. बदललेल्या व्हाउचरची संख्या २१४ आली नाही, किंवा सोबतच्या तक्त्यातला एकही आकडा चुकला, तर मी काहीही पक्कं न करता सगळं होतं तसं ठेवीन. सुरू केल्यापासून ५० मिनिटांत पक्कं करता आलं नाही तरीही तेच करीन. काल चाचणी सर्व्हरवर संपूर्ण काम ३५ मिनिटांच्या आत झालं आहे.
>
> सोबत: व्हाउचरची यादी आणि दुरुस्तीआधी-नंतरच्या आकड्यांचा तक्ता.

शेवटच्या परिच्छेदातला "काल" खोडून "आज" केला, मग पाठवला. काका तसे सोडत नाहीत.

गुरुवार, १७ जुलै, सकाळ

सव्वानऊला मॅडमचा फोन. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या.

"रिव्हर्सल का नाही? जेव्ही टाकू, विषय संपेल." हा प्रश्न येणार हे माहीत होतं. रिव्हर्सल करायचं तर मागच्या वर्षातल्या ६८ नोंदी मागच्या वर्षातच उलटवाव्या लागतात, म्हणजे ते महिने तसेही उघडायचे. वर प्रत्येक बिल पार्टीच्या लेजरमध्ये तीनदा दिसेल, एकदा चुकीचं, एकदा उलटं, एकदा बरोबर, आणि जीएसटी पोर्टलवरच्या २बी या बिलांच्या यादीशी ताळा घालताना तोच बिल नंबर दोनदा येईल. १९४सी चा टीडीएसही प्रत्येक बिलावर आहे, तो उलटवून परत कापायचा. रकमा चुकल्या असत्या तर मीच जेव्ही सुचवला असता.

"मग मुलांना बसवून स्क्रीनवरून तारखा बदलू." उघड्या महिन्यांतल्या १४६ व्हाउचरना हे जमेल. एकाला तीन मिनिटं धरली तरी सात तासांच्या वर, आणि स्क्रीनवरून नोंद तारीख बदलली की देय तारीख जुनीच राहते. ती परत वेगळी बदलायची.

तिसरं त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. शनिवार नको. सातपूरच्या आपल्या फीडरवर शनिवारी सकाळी महावितरणचं देखभालीचं काम आहे, जनरेटरवर लेजरचं काम करायचं नाही. शिवाय हाताने वगळलेली बिलं नंतर परत प्रस्तावात घ्यायची राहून जातात, हे त्यांनी दोनदा भोगलंय. "आज रात्रीच करा. पावणेदहाला मला लेजर परत हवं. तुमचे पन्नास मिनिटं म्हणजे नऊ-वीस. नऊ-वीसला पक्कं झालं नसेल तर मागे घ्या, मी शुक्रवारचं पेमेंटच सोमवारवर ढकलेन." ऑडिटर सरांना त्या स्वतः फोन करणार, आणि माझा मेल जसाच्या तसा पुढे पाठवणार. तो त्यांच्या फाइलला लागेल.

फोन ठेवताना म्हणाल्या, "जूनचं वाक्य पहिल्या परिच्छेदात हवं होतं. मी ते शोधत होते." जीएसटीची मुदत २० तारखेला, त्यांच्या डोक्यात आज तेच आहे.

गुरुवार, १७ जुलै, रात्र

८.१५ इंपोर्टचं शेड्यूल थांबवलं. सिन्नरला आणि अकाउंट्सच्या ग्रुपवर मेसेज. ८.२५ ला मॅडमनी घरून तीन महिने उघडले.

८.३० ते ८.४२ बॅकअप. तो चाचणी सर्व्हरवर उघडून व्हाउचरची संख्या जुळते का तेवढं पाहिलं. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

```sql
BEGIN;
SET LOCAL lock_timeout = '5s';
LOCK TABLE voucher, gl_line
  IN SHARE ROW EXCLUSIVE MODE;
UPDATE voucher v
SET posting_date = f.khari_tarikh,
    due_date = f.khari_tarikh + 45
FROM fix_snr f
WHERE v.voucher_id = f.voucher_id
  AND v.posting_date = f.chuki_tarikh;
```

हे लॉक लिहिणाऱ्यांना अडवतं, वाचणाऱ्यांना नाही. पाच सेकंदांत लॉक मिळालं नाही आणि आदेश परत आला. पाच सेकंदांची अट नसती तर मी रांगेत उभा राहिलो असतो आणि माझ्यामागे आणखी कुणी. `pg_stat_activity` मध्ये सिन्नरच्या स्टोअरचं एक सेशन `idle in transaction`. कुणीतरी व्हाउचर अर्धवट सेव्ह करून उठून गेलं होतं. सेशन तोडता आलं असतं, पण अर्धवट व्हाउचर कुणाचं आणि कशाचं ते कळल्याशिवाय नको. फोन केला. पोरगा चहाला गेला होता, धावत आला, व्हाउचर रद्द केलं. ८.५० ला लॉक मिळालं.

आणि `UPDATE 213`.

एकाचाच फरक. शेवटची अट, म्हणजे तारीख अजून चुकीचीच असेल तरच बदल, ती याचसाठी घातली होती. मेलमध्ये लिहून दिलंय तसं `ROLLBACK`, मग शोध. मेमधल्या एका ₹१४,२५० च्या व्हाउचरवर आता ५ जुलै अशी बरोबर तारीख. एडिट लॉगमध्ये दिसलं की अकाउंट्समधल्या एका मुलीने आज दुपारी चारला ते स्क्रीनवरून दुरुस्त केलं. पार्टीचा फोन आला होता म्हणे.

म्हणजे दुरुस्तीनंतरचे सगळे आकडे तक्त्याप्रमाणेच येणार, फक्त आपण हलवणार त्या रकमेत ₹१४,२५० कमी: ₹३०,९३,४००. तर्क बरोबर असला तरी लिहून दिलेला आकडा २१४ होता. ९.०४ ला मॅडमना फोन. त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षाचा आकडा हलला का?" नाही, तो ₹९,८२,४०० च आहे. "मग २१३ ने करा आणि मला एका ओळीचा मेल टाका." मेल टाकला, यादीतून ते व्हाउचर काढलं, ९.०७ ला परत सुरू.

२१३ व्हाउचर, प्रत्येकी पाच ओळी, म्हणजे १०६५ ओळी. बेरजा बांधून ९.१४. पक्कं करण्याआधी तक्ता: सगळ्या महिन्यांची मिळून नावे-जमा बेरीज आधी होती तितकीच. २०२४-२५ चा जॉबवर्क खर्च ₹९,८२,४०० ने कमी. ऑगस्ट ते डिसेंबर त्या खात्यात शून्य. एडिट लॉगमध्ये नव्या १२७८ नोंदी, २१३ अधिक १०६५, सगळ्या माझ्या नावाने. ९.१७ ला `COMMIT`.

मग काकांनी घरून, पंचवटीतून, स्क्रीनवर पार्टी लेजर, थकबाकी आणि १८० दिवसांचा रिपोर्ट काढून पाहिला. १८० मध्ये सिन्नरचं काही नाही. ९.३४ ला मॅडमनी तीनही महिने बंद केले, मी त्यातल्या एका ओळीवर बदल करायचा प्रयत्न करून ट्रिगर हाकलतो का ते पाहिलं. हाकलतो. इंपोर्ट सुरू, सिन्नरची थांबलेली फाइल चढली, १७ जुलैच दिसते. ९.४१ ला ग्रुपवर "लेजर सुरू".

शुक्रवार, १८ जुलै

पेमेंट प्रस्तावात एक सोडून सिन्नरची जुलैची बिलं शून्य.

काल दुपारी स्क्रीनवरून बदललेल्या त्या एका व्हाउचरची देय तारीख अजून २१ जूनच होती, म्हणजे ते तेवढं प्रस्तावात आलं. काकांनी पकडलं, देय तारीख १९ ऑगस्ट केली.

ऑडिटर सरांनी नवा ट्रायल बॅलन्स, व्हाउचरची यादी आणि एडिट लॉगचा उतारा मागितला. दिला. त्यांचा एकच प्रश्न उरलाय आणि तो रास्त आहे: इंपोर्टच्या युजरला लॉक झालेल्या वर्षात लिहायची सूट का? डेव्हलपर म्हणतो, पूर्वी कधीतरी सिन्नरची मार्चअखेरची बिलं एप्रिलमध्ये चढवायची होती तेव्हा दिली, मग काढायची राहिली. ती सूट काढण्याचा बदल सोमवारी चाचणीवर घेणार. त्याला डाउनटाइम लागत नाही, पण मॅडमना मेल जाईल, आणि यावेळी ३बीवर परिणाम आहे की नाही हे पहिल्या ओळीत असेल.

एजन्सीला कळवलंय की पूर्ण सर्व्हरचं `datestyle` बदलायचं आहे. त्याआधी बाकीचे कुठले रिपोर्ट किंवा इंपोर्ट तारीख मजकुरातून वाचतात त्याची यादी करायची आहे. बँक स्टेटमेंटचा इंपोर्ट तपासला, तो `YYYY-MM-DD` वापरतो, सुरक्षित. पगाराचा तपासायचा बाकी.